‘तीनशे चौऱ्याऐंशीच का?’ : थिसिसमधलं नमुना निवडीचं प्रकरण कसं लिहावं

एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं तिसरं प्रकरण उघडलं आणि विचारलं, “यादृच्छिक पद्धतीने ६० शिक्षक निवडले असं लिहिलंय. चिठ्ठ्या कुठे काढल्या?” चिठ्ठ्या मी काढल्याच नव्हत्या. ओळखीच्या शाळांत गेलो, जे शिक्षक मोकळे होते त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘यादृच्छिक’ म्हणजे ‘वाटेत भेटेल तो’ अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आज सांगलीत विद्यार्थ्यांचे आराखडे तपासताना तीच समजूत दर दोन-तीन आराखड्यांमागे एकदा भेटते, म्हणून हे लिहितोय.

एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. विषय असा: ‘तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांमध्ये हवामान आधारित फळपीक विम्याचा स्वीकार’. पुढचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, ते तुमच्या थिसिसमध्ये उचलू नका. विद्यार्थिनीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘संशोधिकेने सोयीनुसार १०० बागायतदारांची निवड केली.’ मी “का?” म्हणून विचारल्यावर दुसऱ्या मसुद्यात १०० चे ३८४ झाले आणि ‘सोयीनुसार’च्या जागी ‘यादृच्छिक’ आलं. प्रकरण होतं तिथेच राहिलं, फक्त तिचं काम चौपट झालं.

३८४ येतात कुठून

१९७० साली क्रेजी आणि मॉर्गन यांनी छापलेला एक तक्ता आपल्याकडच्या थिसिसमधून पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. त्यात लोकसंख्या दहा लाख धरली तरी नमुना ३८४ च येतो. त्यामागचं सूत्र साधं आहे:

```
n = z² × p × (1 − p) / e²
n = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05² = 384.16
```

यात तीन गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात. विश्वासाची पातळी ९५ टक्के, म्हणून १.९६. प्रमाण निम्मं धरलेलं, कारण निम्म्याला नमुना सर्वांत मोठा लागतो आणि काहीच माहीत नसेल तर ती सुरक्षित बाजू ठरते. आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे झालं तरी चालेल, ही तिसरी. (३८४.१६ वर करून ३८५ घ्यायला हवेत, पण तक्त्यात ३८४ आहेत म्हणून सगळे तेच लिहितात.)

तक्ता वापरला की ही तिन्ही गृहीतं तुमची होतात, आणि परीक्षक विचारतो ते त्यांच्याबद्दल. “पाच टक्केच का? सात का नाही?” याला ‘तक्त्यात तसं आहे’ हे उत्तर नाही. चौथं गृहीत तर तक्त्यावर कुठे लिहिलेलंही नसतं: प्रत्येक माणूस पूर्ण यादीतून, सुटा, चिठ्ठी टाकून निवडला आहे. तुमची निवड तशी नसेल तर तक्ता तुमच्यासाठी नाहीच.

पायरी पहिली: कोणत्या वाक्यासाठी मोजताय ते आधी लिहा

कागदावर निष्कर्षाचं एक वाक्य लिहा, आकड्याच्या जागी रिकामी रेघ ठेवून. आमच्या विद्यार्थिनीचं वाक्य होतं: ‘तालुक्यातील ___ टक्के बागायतदार विमा घेतात, म्हणजे निम्म्याहून कमी.’

तिने आधी मिरज तालुक्यातल्या एका गावात ३० बागायतदारांना प्रश्नावली देऊन बघितली होती. त्यातल्या १२ जणांनी विमा घेतलेला निघाला, म्हणजे ४० टक्के. आता बघा, उत्तर ४० च्या आसपास येईल आणि चूक १० टक्के इकडे-तिकडे असेल, तर खरं प्रमाण ३० ते ५० मध्ये कुठेही असू शकतं. ‘निम्म्याहून कमी’ हे ठामपणे म्हणता येत नाही, वरची कड ५० ला टेकते. चूक ७ टक्के असेल तर पट्टा ३३ ते ४७ होतो आणि वाक्य उभं राहतं. पाच टक्क्यांची चैन तिला लागतच नाही. प्रमाण सुरक्षित बाजूने निम्मंच ठेवून सात टक्के धरले तर सूत्र १९६ देतं.

हे झालं कारण. १९६ ही संख्या तक्त्यातून उतरवलेली नाही, तिला म्हणायच्या वाक्यातून निघाली आहे. मूळ १०० बद्दलही आता न्यायाने बोलता येतं. दहा टक्क्यांची चूक धरली तर सूत्र ९७ मागतं, म्हणजे १०० ही संख्या हास्यास्पद नव्हती. तिची किंमत काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

दोन गटांची तुलना हे मुख्य उद्दिष्ट असेल (समजा, बेदाणा करणारे आणि ताजी द्राक्षं विकणारे), तर वरचं सूत्र बाजूला ठेवा. तिथे किती मोठा फरक पकडायचा आहे यावर नमुना ठरतो आणि G\*Power सारखं मोफत सॉफ्टवेअर तो काढून देतं. दोन गटांच्या सरासऱ्यांत ‘मध्यम’ फरक, म्हणजे `d = 0.5`, पाच टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के शक्ती, म्हणजे फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता, धरली तर प्रत्येक गटात ६४ माणसं येतात. पण ‘मध्यम’ हा शब्द सॉफ्टवेअरचा आहे, तासगावचा नव्हे. तेवढाच फरक तुम्हाला का महत्त्वाचा वाटतो, याचं कारण तुमच्या विषयातून द्यावं लागतं. उद्दिष्टं चार असतील तर ज्याला सर्वांत मोठा नमुना लागतो ते धरा, किंवा मुख्य एक ठरवून बाकीची ‘दुय्यम’ आहेत असं उघड लिहा.

पायरी दुसरी: यादी. खरी मारामारी इथे आहे

नमुन्याची संख्या आणि निवडीची पद्धत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. आपल्या भागातलंच उदाहरण सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे जगभर ओळखले गेले ते नमुना पाहणीतल्या कामामुळे. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवरून वाद चालला होता, की शेतातला किती मोठा तुकडा कापून उत्पन्न मोजायचं. सुखात्म्यांनी दाखवलं की अगदी लहान तुकडे कापले तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत ओढली जातात. असे लहान तुकडे आणखी हजार कापले तरी उत्तर चुकीचंच राहणार, फक्त चुकीच्या आकड्यावरचा भरवसा वाढणार.

आता आपल्या यादीकडे येऊ. विद्यार्थिनीच्या हाताशी सर्वांत सोपी यादी होती विकास सोसायटीच्या सभासदांची. सचिव ओळखीचे, यादी छापील, नावं क्रमाने. मी ती नको म्हटलं. सोसायटीचे कर्जदार सभासद विमा हप्ता भरण्याच्या व्यवस्थेच्या जास्त जवळ असतात. जो कर्जच काढत नाही त्याचा त्या व्यवस्थेशी संबंध कमी. म्हणजे जी गोष्ट मोजायची, तिच्याशीच यादीत असण्या-नसण्याचा संबंध आहे, आणि विम्याचं प्रमाण फुगून येणार. यादी अपुरी असणं दर वेळी घातक नसतं. यादीबाहेरचे लोक तुमच्या मुख्य प्रश्नावर वेगळे असतील तेव्हा ते घातक ठरतं. तुमच्या थिसिसमध्ये हे एक वाक्य विचार करून लिहिलेलं असेल तर परीक्षक पुढचं पान वेगळ्या नजरेने वाचतो.

सातबाऱ्यावरून यादी करायची तर वेगळीच गंमत. उताऱ्यावर वडिलांचं नाव, वडील जाऊन आठ वर्षं झालेली, वारसनोंद रखडलेली. तीन भावांची खाती वेगळी, पण बाग एक आणि औषध फवारणीचा निर्णय थोरल्याचा. किंवा खातं एक आणि बागा तीन. म्हणून आधी एकक ठरवावं लागतं. तिने ठरवलं: ‘किमान अर्धा एकर द्राक्षबाग कसणारं, एका चुलीचं कुटुंब, उत्तर देणारा म्हणजे बागेचे निर्णय घेणारा माणूस.’ मग गावोगावची ई-पीक पाहणीतली द्राक्षाची नोंद आणि कृषी सहायकांकडची यादी जुळवून घेतली आणि प्रत्येक गावात दोन जाणत्या बागायतदारांसमोर ती वाचून दाखवली. “ह्यांनी गेल्या वर्षी बाग काढली”, “हे दोघं एकाच घरातले” अशा दुरुस्त्या तिथल्या तिथे झाल्या. या कामाला गावामागे अर्धा दिवस गेला, आणि सगळ्या थिसिसमधला सर्वांत मोलाचा खर्च तोच होता.

यादी लहान असेल, समजा एकूण ४०० च कुटुंबं असतील, तर नमुना कमी करता येतो:

```
n' = n / (1 + (n − 1) / N)
n' = 196 / (1 + 195 / 400) = 131.8
```

म्हणजे १३२. यादी काही हजारांची असेल तर फरक किरकोळ पडतो, मग ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालतं.

पायरी तिसरी: आधी गावं, मग माणसं

सगळ्या तालुक्यातून १९६ सुटी नावं काढली तर एका गावात तीन, दुसऱ्यात एक, असं दुचाकीवर फिरत बसावं लागेल. म्हणून आधी गावं निवडायची आणि मग गावातली कुटुंबं. हे सोयीसाठीच केलेलं असतं आणि तसं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. मात्र या सोयीला किंमत आहे. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. एखाद्या गावात कुणी पुढाकार घेतला की निम्मा गाव विमा उतरवतो, शेजारच्या गावात गेल्या खेपेला भरपाई मिळाली नाही म्हणून कुणीच उतरवत नाही. अशा वेळी एकाच गावातले ३० जण म्हणजे ३० स्वतंत्र मतं नव्हेत.

ही किंमत मोजायचा गुणक असा, `m` म्हणजे एका गावातली कुटुंबं आणि `r` म्हणजे गावातल्या लोकांचं आपापसातलं साम्य:

```
deff = 1 + (m − 1) × r
```

साम्य ०.०५ धरलं तर गावामागे १० कुटुंबांना गुणक १.४५ येतो. मग १९६ चे २८५ होतात, म्हणजे २९ गावं आणि २९० कुटुंबं. गावामागे ३० घेतली तर गुणक २.४५ वर जातो आणि ४८१ कुटुंबं लागतात. गावं १७ वर उतरली तरी काम दीडपटीहून जास्त. जास्त गावं आणि गावामागे कमी माणसं हेच परवडतं. ‘प्रत्येकी ५० प्रमाणे दोन गावं’ हा आपल्याकडचा लाडका आराखडा म्हणून फार महाग पडतो. त्यात माणसं १०० असली तरी गावं दोनच आहेत.

०.०५ कुठून आणलं, हा प्रश्न येणारच. आधीच्या तशा अभ्यासात साम्याचा आकडा दिला असेल तर तो घ्या. नसेल तर गृहीत धरलं असं उघड लिहा आणि ते चुकलं तर काय होईल तेही सांगा. इथे साम्य ०.१० निघालं तर २९० कुटुंबांवर चूक ७ ऐवजी जवळपास ८ टक्के होते. पट्टा ३२ ते ४८, वाक्य तरीही टिकतं. एवढं एक वाक्य लिहून ठेवलं की गृहीत धरल्याचा ठपका राहत नाही.

गावं निवडताना प्रत्येक गावाला सारखी संधी देऊन प्रत्येकातून १० घेतले, तर लहान गावातल्या माणसाला निवडलं जाण्याची संधी उगीच जास्त मिळते. म्हणून मोठ्या गावाला मोठी संधी द्यायची. समजा तीन गावांत ४०, १६० आणि १०० बागायतदार आहेत. पहिल्याला १ ते ४०, दुसऱ्याला ४१ ते २००, तिसऱ्याला २०१ ते ३०० हे क्रमांक द्या. यादृच्छिक आकडा ज्या गावाच्या पट्ट्यात पडेल ते गाव निवडायचं. प्रत्यक्षात सगळ्या गावांची अशी बेरीज करत जायची आणि ठरावीक अंतराने आकडे घ्यायचे. दहापेक्षा कमी बागायतदार असलेलं गाव निवडीआधीच शेजारच्या गावाला जोडून टाका, नंतर नको.

पायरी चौथी: प्रत्यक्ष नावं काढणं

सगळेच भेटणार नाहीत. शंभरातले ८५ भेटतील असं धरलं तर २९० साठी ३४२ नावं लागतात. २९ गावांत प्रत्येकी १२ म्हणजे ३४८. गावात १८० नावांची यादी असेल तर दर पंधरावं नाव घ्यायचं. सुरुवात १ ते १५ मधल्या यादृच्छिक आकड्याने, समजा ७: मग ७, २२, ३७ असं पुढे. गट नंबराच्या क्रमाने केलेल्या यादीत भाऊ-भाऊ शेजारी असतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना आपोआप वेगळं करते, हा एक फायदाच.

एक्सेलमध्ये आकडा काढला तर लगेच त्याचं मूल्य चिकटवून ठेवा, नाहीतर फाइल उघडली की आकडा बदलतो आणि तुम्ही निवड कशी केली हे तुम्हालाच दाखवता येत नाही. R मध्ये काढलात तर बी, म्हणजे तीच निवड पुन्हा काढून दाखवता येईल असा सुरुवातीचा आकडा, लिहून ठेवा:

```
set.seed(2718)
sample(1:15, 1)
```

आता वेळ. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळ छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी या दिवसांत दुपारी घरी सापडतात ते म्हातारे, आणि ज्यांची बाग मजुरांवर चालते ते. म्हणजे भेटण्या-न भेटण्यातही निवड होते. तिने पावसाळ्याचे दोन महिने धरले, संध्याकाळी सहानंतर भेटी आणि प्रत्येक नावाला तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीलाही न भेटलेल्याच्या जागी शेजारचा घ्यायचा नाही, हा नियम आधीच लिहून ठेवला होता. शेजारचा घेतला की ‘घरी असणारा’ हाच पुन्हा निवडला जातो. त्यासाठीच तर १२ नावं घेतली होती.

यादी खरोखरच मिळत नसेल तर

असं होतं. बेदाणा शेडवर काम करणाऱ्या हंगामी मजुरांची यादी कुणाकडे असणार? तेव्हा सोयीचा नमुना घ्या आणि त्याला सोयीचा नमुनाच म्हणा. फक्त तीन गोष्टी करा. कोणाबद्दल बोलता येईल ते अरुंद करून लिहा: ‘तालुक्यातील मजूर’ नव्हे, ‘निवडलेल्या शेडवर त्या महिन्यात कामाला असलेले मजूर’. माणसं गाठण्याचा नियम ठरवा: कोणते दिवस, कोणत्या वेळा, दर कितवा माणूस, म्हणजे ओळखीचे चेहरे आपोआप वाढणार नाहीत. आणि नमुन्यातलं वय, स्त्री-पुरुष, धारण क्षेत्र असं काही अधिकृत आकडेवारीशी ताडून बघता येत असेल तर ताडा आणि तफावत छापा. अशा नमुन्यावर ‘±५ टक्के’ मात्र लिहू नका. ती चूक चिठ्ठीच्या हिशोबातून येते, आणि इथे चिठ्ठी टाकलेलीच नाही.

प्रकरणात काय लिहिलं

तिच्या शेवटच्या मसुद्यातला परिच्छेद जवळपास असा होता:

‘मुख्य उद्दिष्ट विमा घेणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण अंदाजणे हे आहे. पूर्वचाचणीत हे प्रमाण ४० टक्के आढळले. ते निम्म्याहून कमी आहे काय हे ठरवण्यासाठी ७ टक्क्यांपर्यंतची चूक पुरेशी आहे. प्रमाण निम्मे धरून ९५ टक्के विश्वास पातळीस त्यासाठी १९६ कुटुंबे लागतात. प्रवासाच्या मर्यादेमुळे आधी गावे व नंतर कुटुंबे निवडली; गावांतर्गत साम्य ०.०५ गृहीत धरून नमुना २९० केला व न भेटणाऱ्यांचा विचार करून ३४८ नावे काढली. सोसायटी सभासदांची यादी वापरली नाही, कारण सभासदत्वाचा विमा घेण्याशी संबंध असण्याची शक्यता आहे. एक एकर, अर्धा एकर अशा भाडेपट्ट्याने बाग करणाऱ्यांची नोंद यादीत अपुरी असू शकते.’

शेवटचं वाक्य तिने स्वतः घातलं. मर्यादा अशी, म्हणजे कोण सुटलं ते सांगणारी, लिहावी. ‘वेळ व पैशाअभावी नमुना मर्यादित ठेवला’ हे वाक्य प्रत्येक थिसिसमध्ये असतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

काम संपल्यावर हिशोब पुन्हा मांडायचा असतो, ते बरेच जण विसरतात. समजा ३४८ पैकी ३११ कुटुंबांनी उत्तरं दिली, उरले ३७. त्यांतले सहा मयत, वारस बाग करत नाहीत. आठ जणांनी बाग काढून टाकलेली. हे १४ ‘न भेटलेले’ नव्हेत, ते यादीत असायलाच नको होते. म्हणून प्रतिसाद ३४८ पैकी नाही, ३३४ पैकी ३११ धरायचा, म्हणजे ९३ टक्के. खरे न भेटलेले २३. त्यांच्या नावांपुढे गाव, बागेचं क्षेत्र आणि कारण असा छोटा तक्ता करा, परिशिष्टात नावं गाळून लावा, आणि त्या २३ जणांचं सरासरी क्षेत्र उत्तरं देणाऱ्या ३११ जणांच्या शेजारी लिहा. ते दुप्पट निघालं, तर मोठे बागायतदार सुटले आहेत, आणि विम्याच्या टक्केवारीच्या खालीच ते सांगायला हवं.